क्रमांकात सवलत नको, नावात कंजुषी नको
सुट्या भागांच्या संकेतस्थळावरील शोध कसा असावा?

यंत्रांचे सुटे भाग विकणारे आपले अनेक व्यापारी बांधव आता दुकानाबरोबर संकेतस्थळही चालवू लागले आहेत. बेअरिंग, ऑइल सील, व्ही-बेल्ट अशा मालाची यादी दहा-वीस हजारांवर सहज जाते. एवढी यादी गिऱ्हाइकाने पानामागून पान उलटून पाहावी, ही अपेक्षा करणेच चूक आहे. तो वरच्या चौकोनात काहीतरी टाइप करतो आणि समोर येईल त्यातून निवडतो. म्हणजे संकेतस्थळावरील शोधाचा तो चौकोन हाच तुमचा काउंटर आहे. या काउंटरवर कोणाला बसवायचे आणि त्याला काय शिकवायचे, याविषयी आम्हाला आज काही स्पष्ट बोलायचे आहे.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो. आमच्या परिचयाचे एक व्यापारी बेअरिंग, सील आणि बेल्टचा व्यवसाय करतात. त्यांच्या यादीत सुमारे अठरा हजार नग आहेत. मालेगावच्या एका कारागिराने त्यांच्या संकेतस्थळावर `6203ZZ` असे टाइप केले. त्याच्या कांडी यंत्राच्या मोटरचे बेअरिंग गेले होते. त्या दिवशी 6203ZZ शिल्लक नव्हते. संकेतस्थळाने तसे सांगितले नाही. त्याने सर्वांत वर 6202ZZ दाखवले. चित्र पाहिले तर सगळी बेअरिंगे सारखीच दिसतात. कारागिराने घाईत मागणी नोंदवली, पैसे भरले. तिसऱ्या दिवशी पार्सल आले तेव्हा बेअरिंग शाफ्टवर चढेना. 6203 चा आतील व्यास १७ मिमी असतो आणि 6202 चा १५ मिमी. दोन मिलिमीटरचा फरक हातोडीने भरून निघत नाही. कांडी यंत्र बंद म्हणून कांड्या नाहीत, कांड्या नाहीत म्हणून चार माग उभे. व्यापाऱ्याला माल परत घ्यावा लागला आणि जाण्यायेण्याचा कुरिअरचा खर्च त्या बेअरिंगच्या किमतीपेक्षा अधिक झाला.

चूक कोणाची? कारागिराने क्रमांक बरोबर टाइप केला होता. गोदामातील मुलाने जे मागितले तेच पाठवले होते. चूक शोधाची होती, आणि ती यंत्राचा बिघाड म्हणून झालेली नव्हती. शोध नेमका तसाच बसवलेला होता.

चूकभूल माफ करण्याची सवय

आजकाल तयार मिळणारे शोधाचे प्रोग्राम टाइप करताना झालेली चूक माफ करतात. गिऱ्हाइकाने `bering` लिहिले तरी `bearing` सापडते. कपडे, पुस्तके, किराणा यांच्यासाठी ही सोय उत्तम आहे. ती चालते कशी, हे मात्र समजून घेतले पाहिजे. टाइप केलेल्या शब्दातील एखादे अक्षर बदलले, गाळले किंवा वाढवले तर यादीतील कोणता शब्द तयार होतो, हे प्रोग्राम पाहतो. मेलीसर्च नावाच्या प्रोग्राममध्ये मूळ मांडणीनुसार पाच किंवा अधिक अक्षरांच्या शब्दाला एक चूक आणि नऊ किंवा अधिक अक्षरांच्या शब्दाला दोन चुका माफ असतात. इलॅस्टिकसर्चमध्ये ही सवलत `AUTO` वर ठेवली तर तीन ते पाच अक्षरांना एक आणि त्यापुढे दोन चुका माफ होतात.

आता `6203ZZ` कडे पाहा. अक्षरे सहा. दोन्ही ठिकाणी किमान एक चूक माफ. म्हणजे 6202ZZ, 6204ZZ, 6303ZZ ही सगळी त्या प्रोग्रामच्या दृष्टीने 6203ZZ ची 'चुकून लिहिलेली' रूपे ठरतात. खरा नग शिल्लक नसल्यामुळे यादीतून वगळला गेला आणि शेजारी पुढे सरकला. मालेगावच्या कारागिराच्या बाबतीत हेच झाले.

बेअरिंगच्या क्रमांकातील प्रत्येक आकड्याला अर्थ असतो. शेवटचे दोन आकडे आतील व्यास सांगतात: 00 म्हणजे १० मिमी, 01 म्हणजे १२, 02 म्हणजे १५, 03 म्हणजे १७, आणि 04 पासून पुढे त्या आकड्याला पाचने गुणायचे, म्हणजे 04 चे २० आणि 05 चे २५. दुसरा आकडा मालिका सांगतो. 6003, 6203 आणि 6303 तिन्हींचा आतील व्यास १७ च, पण बाहेरचा व्यास अनुक्रमे ३५, ४० आणि ४७ मिमी. एक आकडा बदलला की एकतर शाफ्ट बसत नाही, नाहीतर घर बसत नाही.

म्हणून आमचे पहिले आणि ठाम मत असे की क्रमांकाच्या रकान्यात चूक माफ करण्याची सवलत पूर्ण बंद ठेवावी. दोन्ही प्रोग्राममध्ये ती रकान्यागणिक बंद ठेवता येते. मेलीसर्चमध्ये त्यासाठी `disableOnAttributes` ही सोय आहे. इलॅस्टिकसर्चमध्ये क्रमांकाच्या रकान्यावर `fuzziness` लावायचीच नाही. सवलत द्यायची ती नावाला: बेअरिंग, सील, बेल्ट, पुली, कंपनीचे नाव. नाव चुकले तर गिऱ्हाईक यादी पाहून सावरतो. क्रमांक चुकला तर त्याचा पत्ता त्याला पार्सल फोडल्यावर लागतो.

कडकपणा आणि आडमुठेपणा यांतील फरक

यावर कोणी म्हणेल, इतके कडक राहिलो तर `6203-zz` लिहिणाऱ्याला काहीच सापडणार नाही. शंका रास्त आहे. एकच बेअरिंग लोक `6203zz`, `6203 ZZ`, `6203-ZZ` असे लिहितात, आणि मराठी कळफलक चालू राहिला असेल तर `६२०३zz` असेही. या चुका नाहीत, लिहिण्याच्या पद्धती आहेत. त्यासाठी सवलतीची गरज नाही, साफसफाईची आहे. यादीतील क्रमांक आणि गिऱ्हाइकाने लिहिलेला क्रमांक, दोन्ही एकाच चाळणीतून काढायचे आणि मग अक्षराला अक्षर जुळते का ते पाहायचे. तुमच्या प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला एवढे दाखवले तरी पुरे:

```
import re
anka = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")

def saaf(s):
    s = s.upper().translate(anka)
    return re.sub(r"[\s\-/_]", "", s)
```

वरील चारही प्रकार या चाळणीतून `6203ZZ` होऊन बाहेर पडतात. मूळ क्रमांक जसाच्या तसा वेगळा जपून ठेवावा. बिलावर आणि पडद्यावर तोच दाखवायचा, चाळलेला फक्त जुळवणीसाठी.

येथे एक खड्डा आहे, त्यापासून सावध राहावे. ही चाळणी मापांना लावू नये. ऑइल सील लोक `25x40x7`, `25 40 7`, `25*40*7` असे लिहितात. यातील पहिला आकडा शाफ्टचा, दुसरा घराचा, तिसरा जाडीचा. मधली जागा काढून टाकली तर `25407` उरते आणि कोणता आकडा कुठे संपला हे सांगता येत नाही. दशांश चिन्ह काढले तर १२.७ चे १२७ होतात. म्हणून मापे तीन वेगळ्या रकान्यांत संख्या म्हणून नोंदवावीत. गिऱ्हाइकाने तीन आकडे लिहिले की त्यांचे तीन तुकडे करून त्या त्या रकान्यात शोधावे. क्रमांक हे वस्तूचे नाव आहे आणि माप हा तिचा गुण आहे. दोघांना एकाच पोत्यात भरले की पुढचे सर्व काम बिघडते.

चाचांचे तीन प्रश्न

जुन्या पेढीवर एक चाचा बसलेले असतात. गिऱ्हाईक म्हणतो, "चाचा, बासष्ट-झिरो-तीन द्या." चाचा लगेच उठत नाहीत. ते विचारतात, "पत्र्याचे झाकण की रबराचे?" मग विचारतात, "कशाला लावायचे आहे?" आणि गिऱ्हाईक अडखळला तर म्हणतात, "जुने आणले आहे का? दाखव." जुने हातात आले की व्हर्निअर लावून माप घेतात. शोधाच्या चौकोनात सूचना आणि गाळणी असते ती या तीन प्रश्नांसाठी. ज्याने हे ओळखले त्याची मांडणी बहुतेक बरोबर येते.

सूचना म्हणजे टाइप करत असताना चौकोनाखाली उतरणारी छोटी यादी. बहुतेक संकेतस्थळांवर तिच्यात नुसते शब्द असतात. सुट्या भागांच्या धंद्यात ते निरुपयोगी आहे. गिऱ्हाइकाने `6203` लिहिले तर खाली अशा ओळी दिसाव्यात:

6203 ZZ, पत्र्याचे झाकण, १७ × ४० × १२, शिल्लक नाही
6203 2RS, रबराचे झाकण, १७ × ४० × १२, शिल्लक आहे
6203 उघडे, १७ × ४० × १२, शिल्लक आहे

गिऱ्हाईक ओळ वाचतो तेव्हाच चाचांचा पहिला प्रश्न विचारला जातो. मापही समोर असल्यामुळे ज्याच्या हातात व्हर्निअर आहे तो तेथेच खात्री करतो. तीन अक्षरे झाल्यावर सूचना सुरू कराव्यात आणि सहा-सात ओळींपेक्षा जास्त देऊ नयेत. आपले बहुतेक गिऱ्हाईक मोबाईलवर असते आणि कळफलक उघडला की अर्धा पडदा झाकला जातो. ज्या सूचनेवर बोट ठेवले तरी काही सापडत नाही, अशी सूचना कधीही दाखवू नये.

एक तांत्रिक दोष येथे नेहमी आढळतो आणि दुकानातील चांगल्या जोडणीवर तो कधीच दिसत नाही. गिऱ्हाईक `620` लिहितो तेव्हा एक विचारणा जाते, `6203` लिहितो तेव्हा दुसरी. नेटवर्क कमजोर असले तर पहिल्याचे उत्तर दुसऱ्याच्या नंतर पोहोचते. चौकोनात `6203` आणि खाली `620` ची यादी, ज्यात 6200 सर्वांत वर. घाईत बोट तेथेच पडते. उपाय सोपा आहे. शेवटचे अक्षर पडल्यावर पाव सेकंद थांबून मगच विचारणा पाठवावी आणि उत्तर आल्यावर ते चौकोनातील सध्याच्या शब्दाचे आहे का ते पाहावे, नसेल तर टाकून द्यावे. हा दोष आपल्याकडे आहे का, हे जेथे नेटवर्क नीट पकडत नाही अशा ठिकाणी उभे राहून स्वतःच्या मोबाईलवर भराभर टाइप करून पाहावे. पाच मिनिटांत कळते.

तेच, आणि त्याऐवजी चालेल

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. निरनिराळ्या कंपन्या एकाच गोष्टीला निरनिराळी खूण लावतात. दोन्ही बाजूंना पत्र्याचे झाकण असेल तर एसकेएफ `2Z` लिहिते, एनएसके आणि एनटीएन `ZZ` लिहितात. शाफ्टच्या बाजूला टेकणारे रबराचे सील असेल तर एसकेएफचे `2RS1` किंवा `2RSH`, एनएसकेचे `DDU`, एनटीएनचे `LLU`. बाजारात सगळे त्याला `2RS` म्हणतात. म्हणून यादीत 'झाकण' असा स्वतंत्र रकाना करावा, त्यात साध्या मराठीत प्रकार लिहावा, आणि या सगळ्या खुणा त्या प्रकाराशी जोडाव्यात. मग `6203DDU` लिहिणाऱ्याला एनएसकेचे प्रथम दिसेल आणि त्याखाली 'इतर कंपन्यांचे याच प्रकारचे' अशा मथळ्याने बाकीचे दिसतील.

पण जोडताना हात आखडता ठेवावा लागतो. एनएसकेचे `VV` आणि एनटीएनचे `LLB` यांतही रबर असते, परंतु ते आतल्या कड्याला टेकत नाही. ते `2RS` शी एकरूप म्हणून जोडले तर गिऱ्हाइकाची फसवणूक होते. तसेच `ZZ` आणि `2RS` ची मापे एक असली तरी वस्तू एक नाही. पत्र्याचे झाकण मोठी धूळ अडवते, पाणी अडवत नाही. टेकणारे रबर धूळ आणि ओल अधिक चांगली अडवते, पण ते घासते, त्यामुळे उष्णता वाढते आणि वेगाची मर्यादा खाली येते. कमी वेगाच्या जागी एक दुसऱ्याऐवजी चालू शकते, वेगवान मोटरला कदाचित चालणार नाही. हा निर्णय गिऱ्हाइकाने किंवा त्याच्या मिस्त्रीने घ्यायचा असतो. शोधाने तो गुपचूप घेऊ नये.

म्हणून आम्ही सुचवतो की यादीत दोन नाती वेगळी नोंदवावीत. एक 'तेच', दुसरे 'त्याऐवजी चालेल'. 'तेच' असेल तर एकत्र दाखवा. 'त्याऐवजी चालेल' असेल तर वेगळ्या मथळ्याखाली, फरक एका ओळीत लिहून दाखवा. मालेगावच्या कारागिराला त्या दिवशी काय दिसायला हवे होते? "6203ZZ सध्या शिल्लक नाही. याच मापाचे 6203 2RS शिल्लक आहे. झाकण रबराचे आहे, वेगाची मर्यादा कमी आहे." एवढे वाचून त्याने मिस्त्रीला फोन केला असता आणि काय ते ठरवले असते. 6202 चा उल्लेखही या पानावर येण्याचे कारण नाही.

'शिल्लक नाही' हे सांगायला आपले अनेक बांधव कचरतात. रिकामे पान दिसले की गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, अशी भीती वाटते. आमचा अनुभव उलट आहे. दुकानात "आज नाही, मंगळवारी येईल" असे सांगणाऱ्याकडे गिऱ्हाईक मंगळवारी परत येते. चुकीचा माल गळ्यात मारणाऱ्याकडे मात्र ते पुन्हा फिरकत नाही.

बोलीभाषेतील नावांनाही दिशा असते. 'पट्टा' असे लिहिणाऱ्याला व्ही-बेल्ट आणि सपाट पट्टा दोन्ही दाखवावेत, कारण त्याच्या मनात काय आहे ते माहीत नाही. परंतु 'व्ही-बेल्ट' लिहिणाऱ्याला सपाट पट्टे दाखवण्यात अर्थ नाही. म्हणजे हे नाते एकमार्गी आहे. धोटा आणि शटल, फणी आणि रीड ही नाती मात्र दुमार्गी. या शब्दांची यादी बाहेरून विकत मिळत नाही. ती तुमच्या जुन्या बिलबुकात आणि मोबाईलवरील संदेशांत पडलेली आहे. दोन संध्याकाळी चाचांना शेजारी बसवून लिहून काढली तर पहिले शंभर शब्द सहज निघतील.

गाळणीचे हिशेब

चाचांचा तिसरा प्रश्न, "जुने दाखव", हा गाळणीचा विषय आहे. क्रमांक पुसला गेला असेल तर गिऱ्हाईक मापावरून शोधतो. येथे पहिली गोष्ट अशी की गाळणी मालाच्या जातीप्रमाणे बदलली पाहिजे. बेअरिंगला आतील व्यास, बाहेरचा व्यास, रुंदी आणि झाकण. व्ही-बेल्टला काट आणि लांबी. ऑइल सीलला तीन मापे आणि रबराचा प्रकार. सगळ्यांना एकच 'साइज' नावाची गाळणी लावली की तिच्यात १७ मिमी, बी-५२ आणि 25x40x7 एकाखाली एक येतात आणि कोणालाच उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट मोजणीची. गाळणीच्या प्रत्येक पर्यायापुढे किती नग आहेत तो आकडा असतो. समजा 6203 शोधल्यावर बारा नोंदी आल्या. झाकणाप्रमाणे त्यांत उघडे ३, पत्र्याचे ५, रबराचे ४. कंपनीप्रमाणे पहिलीचे ५, दुसरीचे ४, तिसरीचे ३. गिऱ्हाइकाने पहिली कंपनी निवडली. आता झाकणाचे आकडे त्या कंपनीपुरते कमी झाले पाहिजेत, समजा १, २ आणि २, बेरीज पाच. पण कंपनीचे स्वतःचे आकडे ५, ४, ३ असेच राहिले पाहिजेत. अनेक संकेतस्थळांवर एक कंपनी निवडताच बाकीच्या दोन शून्य होतात किंवा गायब होतात. मग "पहिली किंवा दुसरी, कोणतीही चालेल" असे म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला दुसरी निवडताच येत नाही. नियम असा की कोणत्याही गाळणीचे आकडे काढताना बाकीच्या सर्व गाळण्यांची निवड धरायची आणि तिची स्वतःची निवड सोडून द्यायची. एकाच गाळणीतील दोन निवडी 'किंवा' ने जोडायच्या, वेगवेगळ्या गाळण्या 'आणि' ने. तुमचे संकेतस्थळ बरोबर आहे का हे एक कंपनी निवडून लगेच तपासता येते.

तिसरी गोष्ट मापाच्या मोकळिकीची. झिजलेल्या शाफ्टचे माप व्हर्निअरवर १६.९ येते. गिऱ्हाइकाने ते लिहिले आणि शोध १७ दाखवत नसेल तर तो निरुपयोगी. म्हणून मापाला ०.२ मिमीची मोकळीक द्यावी. अर्धा मिलिमीटर मात्र देऊ नये, कारण एक इंच म्हणजे २५.४ मिमी. अर्ध्या मिलिमीटरच्या मोकळिकीत २५ मिमीचे आणि एक इंची असे दोन्ही भाग एकत्र येतात आणि पुन्हा पहिल्यासारखाच घोटाळा होतो.

चौथी गोष्ट सर्वांत जास्त नुकसान करते आणि दिसत नाही. ज्या नगाचे माप नोंदलेलेच नाही, तो गाळणी लावताच यादीतून नाहीसा होतो. माल फळीवर आहे, पैसे त्यात अडकले आहेत आणि गिऱ्हाइकाला तो दिसत नाही. आमच्या परिचयाच्या त्या व्यापाऱ्याने जेव्हा मोजले तेव्हा ऑइल सीलच्या जवळपास निम्म्या नोंदींत जाडीचा रकाना रिकामा निघाला. नाव 'सील २५-४० मोटरचे' असे, आणि माप कोठेच नाही. त्यांनी गाळणीत 'माप नोंदलेले नाही' असा एक पर्याय ठेवला, म्हणजे गिऱ्हाइकाला निदान ते नग उघडून पाहता येऊ लागले. मग रोज दुपारी गोदामातील एका मुलाकडून चाळीस-पन्नास नग मोजून भरून घेतले. काम कंटाळवाणे आहे, पण कोणताही महाग प्रोग्राम ते तुमच्यासाठी करून देणार नाही.

वही आणि परीक्षा

काउंटरवर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने गेला तर चाचांच्या लक्षात राहते. संकेतस्थळावर तो मुकाट्याने निघून जातो. म्हणून काय शोधले, किती नग दिसले आणि कशावर बोट ठेवले, याची नोंद प्रोग्रामने ठेवली पाहिजे. आठवड्यातून एकदा शून्य निकालाची यादी काढून बसावे. तिच्यात तीन प्रकार सापडतात. माल आहे पण शब्द माहीत नाही: तो शब्द जोडून टाका. लिहिण्यात चूक: नावाची असेल तर सवलत तपासा, क्रमांकाची असेल तर सोडून द्या. आणि माल खरोखरच नाही: हा तिसरा प्रकार म्हणजे खरेदीची आयती यादी. एकच क्रमांक महिन्यात आठ वेळा विचारला गेला असेल तर तो मागवायचा की नाही, हे ठरवायला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नाही.

त्याचबरोबर एक परीक्षा तयार ठेवावी. जुन्या बिलांतून पन्नास मागण्या निवडाव्यात, गिऱ्हाइकाने जशा लिहिल्या तशाच, आणि प्रत्येकीपुढे बरोबर नग लिहून ठेवावा. `6203ZZ` लिहिल्यावर 6202 दिसू नये, अशा उलट्या अटीही त्यात असाव्यात. प्रोग्रामात काही बदल केला की हे पन्नास शोध पुन्हा चालवून पाहावेत. एक शब्द जोडायला जावे आणि दुसरीकडे चार बिघडावेत, असे या कामात वरचेवर होते.

काही बांधव म्हणतात की एवढा खटाटोप कशाला, गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतो आणि आम्ही पाहून सांगतो. हे आम्ही कमी लेखत नाही. पुसलेल्या क्रमांकाच्या किंवा मोडक्या भागाच्या बाबतीत माणसाच्या नजरेला तोड नाही, आणि 'फोटो पाठवा' असा मार्ग संकेतस्थळावर असलाच पाहिजे. पण फोटोवरून १५ आणि १७ मिमीतला फरक ओळखता येत नाही, रात्रपाळीत मोटर बंद पडली तर उत्तर सकाळी मिळते, आणि उत्तर देणारे चाचा एकच असतात. त्यांच्या डोक्यात जे आहे ते कोठेच लिहून ठेवले नाही तर ज्या दिवशी ते पेढीवर येणार नाहीत त्या दिवशी पेढीचे अर्धे ज्ञान घरी राहील.

खर्चाविषयी एक शब्द. अठरा हजार नोंदींसाठी दरमहा भाडे भरून मोठी सेवा घेण्याची गरज नाही. मेलीसर्चसारखा प्रोग्राम स्वतःच्या भाड्याच्या लहान सर्व्हरवर चालतो, आणि साधा पोस्टग्रेस डेटाबेसही एवढे काम निभावून नेतो. पैसा खर्च करायचाच असेल तर तो मापे भरून घेण्यावर करावा. सुरुवातही सगळ्या मालापासून करू नये. एक जात घ्यावी, समजा बेअरिंग. त्यांतील सर्वांत जास्त विकले जाणारे पाचशे नग घ्यावेत. त्यांची तीन मापे, झाकण आणि 'तेच' व 'त्याऐवजी चालेल' ही नाती भरावीत, क्रमांकावरील सवलत बंद करावी आणि महिनाभर शून्य निकालाची वही पाहावी. मग सील, मग बेल्ट.

त्या व्यापाऱ्यांनी हेच केले. मालेगावच्या कारागिराचे पैसे त्यांनी कुरिअरच्या खर्चासह परत केले होते. काही महिन्यांनी त्याच कारागिराने पुन्हा शोध घेतला, तेव्हा त्याला "शिल्लक नाही, गुरुवारी येईल" असे दिसले. त्याने गुरुवारी मागणी नोंदवली.